टोकांचा हिशेब : कापसाच्या तंतूची लांबी आणि सुताची प्रत

कापसाच्या बोंडातला प्रत्येक तंतू ही सरकीच्या सालीवर उगवलेली एकच पेशी असते आणि तिची लांबी जातीनुसार साधारणपणे २० ते ४० मिलिमीटर भरते. या तंतूंपासून काढलेले सूत किलोमीटरच्या किलोमीटर अखंड चालते, पण त्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला एकही तंतू नसतो. प्रत्येक तंतू दोन-तीन सेंटिमीटर चालून संपतो आणि तो संपण्याआधीच शेजारचा दुसरा सुरू झालेला असतो. सुताची ताकद, त्याचा मऊपणा आणि बऱ्याच अंशी त्याची किंमत यांचा उलगडा करायचा तर तंतू जिथे संपतात त्या जागांपासून, म्हणजे त्यांच्या टोकांपासून, सुरुवात करावी लागते. बाजारात ‘लांब धाग्याचा’ किंवा ‘मध्यम धाग्याचा’ कापूस असे म्हणतात तेव्हा धागा या शब्दाने हा तंतूच अभिप्रेत असतो. पुढील विवेचनात बोंडातल्या पेशीला तंतू आणि पीळ देऊन तयार झालेल्या वस्तूला सूत म्हटले आहे.

एकमेकांना कोठेही न चिकटवलेले, नुसते शेजारी ठेवलेले हे तंतू ओढले असता सुटत नाहीत याचे कारण पीळ हे होय. पिळामुळे प्रत्येक तंतू मळसूत्रासारखा वळत जातो, आणि सूत ताणले की बाहेरच्या थरातले वळसे आतल्या तंतूंना आवळू लागतात, त्यामुळे तंतूंमधले घर्षण वाढते. म्हणजे ताण जितका अधिक तितकी पकडही, एका मर्यादेपर्यंत, अधिक घट्ट होते. मात्र ही पकड तंतूच्या सबंध लांबीवर सारखी नसते. टोकाशी तंतूला धरून ठेवणारे काही नसल्यामुळे तेथे त्याच्यावरचा ताण शून्य असतो, टोकापासून आत जावे तसतसा तो वाढत जातो आणि काही मिलिमीटर गेल्यावरच तंतू आपल्या वाट्याचा पूर्ण भार उचलू लागतो. याचा अर्थ असा की प्रत्येक तंतूच्या दोन्ही टोकांचा थोडाथोडा भाग सुतात जागा अडवतो, वजनात मोजला जातो, पण ताकदीच्या दृष्टीने जवळपास वाया गेलेला असतो.

हा वाया जाणारा भाग किती असेल, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ४० नंबरचे सूत घेतले तर सुताच्या नंबराच्या प्रचलित इंग्रजी पद्धतीप्रमाणे ८४० वारांच्या ४० लडी मिळून एक पौंड वजन भरते, म्हणजे या सुताच्या एका ग्रॅममध्ये सुमारे ६८ मीटर लांबी बसते. एका इंचाचे वजन ४ मायक्रोग्रॅम असणारे, म्हणजे मध्यम बारीक तंतू वापरले, तर अशा सुताच्या कोणत्याही छेदात सरासरी ९४ तंतू सापडतात. आता तंतूंची सरासरी लांबी २२ मिलिमीटर असेल तर एका मीटर सुतात सुमारे ४,२७० तंतू आणि त्यांची साडेआठ हजार टोके असतात. जाडी तीच ठेवून सरासरी लांबी ३३ मिलिमीटर केली, तर तंतू सुमारे २,८५० आणि टोके ५,७०० उरतात. टोकाजवळचा सरासरी ४ मिलिमीटर भाग निरुपयोगी ठरतो असे समजले, तर आखूड तंतूचा २२ पैकी ८ मिलिमीटर, म्हणजे छत्तीस टक्के भाग वाया जातो आणि लांब तंतूचा चोवीस टक्के. चार मिलिमीटर हा आकडा केवळ हिशेबासाठी घेतला आहे, कारण प्रत्यक्षात तो पीळ आणि घर्षण यांवर अवलंबून असतो. परंतु गणिताचा रोख त्यामुळे बदलत नाही. लांबीतली पहिली काही मिलिमीटरची वाढ फार मोलाची ठरते आणि पुढे तिचा लाभ उतरत जातो, हेही याच गणितावरून दिसते.

आखूड तंतूची उणीव गिरणीत पिळाने भरून काढली जाते. पीळ वाढवला की आवळ वाढतो, टोकाजवळचा निरुपयोगी भाग कमी होतो आणि कमजोर सुताला काम भागण्यापुरती ताकद येते. गिरणीत पिळाचे प्रमाण एका गुणांकाने सांगतात. सुताच्या नंबराचे वर्गमूळ काढून त्याला या गुणांकाने गुणले की दर इंचाला किती पीळ द्यायचे ते मिळते. ४० चे वर्गमूळ ६.३ च्या आसपास येते, म्हणून आखूड तंतूसाठी गुणांक ४.५ ठेवला तर दर इंचाला साडेअठ्ठावीस पीळ पडतात, आणि लांब तंतूला ३.६ गुणांक पुरत असेल तर जेमतेम तेवीस. दर इंचाला पडणारे हे पाच-सहा पीळ कापड अंगावर घेणाऱ्याला लगेच कळतात, कारण अधिक पिळाचे सूत कडक आणि तारेसारखे लागते, सैल पिळाचे सूत दबते आणि मऊ वाटते. शिवाय पिळालाही सीमा असते: ठरावीक प्रमाणापलीकडे तंतू इतके तिरके होतात की त्यांची ताकद सुताच्या लांबीच्या दिशेने कामी येत नाही, आणि मग पीळ वाढवावा तसे सूत आणखी कमजोर होत जाते.

येथे किमतीसंबंधी एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. रिंग फ्रेमवरची चाती मिनिटाला १८,००० फेरे घेत असेल, तर दर इंचाला साडेअठ्ठावीस पीळ द्यायचे झाल्यास ती मिनिटाला सुमारे १६ मीटर सूत देते आणि तेवीस पीळ पुरत असल्यास सुमारे २० मीटर. चाती तीच, वीज जवळपास तितकीच, कामगारही तेवढेच, आणि तरी लांब तंतूपासून चौथ्या हिश्शाने अधिक सूत निघते. सूत कमी तुटते, त्यामुळे सांधत फिरण्याचे कामही कमी होते. कताईच्या खर्चापुरते बोलायचे तर लांब तंतू महाग नसून स्वस्तच पडतो. त्याची किंमत जी चढते ती गिरणीच्या फाटकाबाहेर, शेतात आणि जिनिंगमध्ये, चढलेली असते; त्या मुद्द्याचा विचार पुढे केला आहे.

आतापर्यंतचा हिशेब सरासरी लांबी धरून केला असला तरी कोणत्याही गाठीतल्या कापसात सगळे तंतू सारखे नसतात. एकाच सरकीवर ३० मिलिमीटरचे आणि १० मिलिमीटरचे तंतू शेजारी शेजारी उगवतात, आणि जिनिंगमध्ये काही तुटून आणखी आखूड होतात. गिरणीला खरा उपद्रव या अगदी आखूड तंतूंचा, विशेषतः अर्ध्या इंचापेक्षा कमी लांबीच्या तंतूंचा होतो. कताईपूर्वी तंतूंचा जाड पेळू रुळांच्या जोड्यांमधून ओढून बारीक करतात. मागची जोडी हळू फिरते, पुढची वेगाने, आणि दोन्हींमधले अंतर लांब तंतूंच्या मापाने ठेवलेले असते, कारण ते कमी ठेवले तर एकच तंतू दोन्ही जोड्यांत एकदम अडकून तुटतो. आखूड तंतू मात्र मागच्या रुळांतून सुटल्यावर पुढच्या रुळांनी पकडेपर्यंत अधांतरी राहतात, शेजाऱ्यांच्या ओढीने कधी झुंडीने पुढे जातात, कधी मागे रेंगाळतात. पेळूत त्यामुळे जाड आणि बारीक जागांच्या लाटा उठतात आणि त्या थेट सुतात उतरतात. सूत तुटते ते सरासरी जाडीला नव्हे, सर्वांत बारीक जागेला. म्हणून लांब तंतूच्या कापसात थोडासा आखूड माल मिसळला की ताकद मिश्रणाच्या प्रमाणापेक्षा बरीच अधिक घसरते.

हे टाळण्यासाठी बारीक सुताच्या कापसाला कोंबिंगमधून काढतात. या यंत्रात तंतूंच्या झालरीचे एक टोक धरून दुसऱ्यातून सुयांचा कंगवा फिरवला जातो, आणि पकडीत न आलेले आखूड तंतू, गाठी व कचरा बाहेर पडतो. कापूस किती चांगला आणि सूत किती बारीक हवे त्यावर अवलंबून वजनाच्या साधारण १२ ते २० टक्के माल असा काढून टाकला जातो; १५ टक्के काढला तर १०० किलो रुईचे ८५ किलो उरतात, आणि उरलेल्या प्रत्येक किलोवर कच्च्या मालाचा खर्च सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. काढलेले आखूड तंतू फुकट जात नाहीत, ते जाड सुताला, वैद्यकीय कापसाला आणि उंची कागदाला जातात, पण त्यांना भाव कमी मिळतो. दुकानात ‘कोम्ब्ड कॉटन’ असे लिहिलेल्या बनियनची किंमत वाढण्यामागे हा वजाबाकीचा हिशेब असतो. त्या चिठ्ठीवरून कापूस मुळात लांब तंतूचा होता असे मात्र सिद्ध होत नाही, एवढेच कळते की त्यातले आखूड तंतू काढले आहेत.

तंतूची लांबी मोजण्याची जुनी रीत अजून अनेक बाजारांत टिकून आहे. पारखी चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या अंगठ्यांत आणि तर्जनीत धरून तोडतो, एक अर्धा टाकून देतो, दुसऱ्यातून निघालेली टोके पुन्हापुन्हा ओढून एकावर एक रचतो, आणि काही मिनिटांत त्याच्या चिमटीत समांतर तंतूंची एक पातळ जुडी तयार होते, जिची लांबी तो गडद कापडावर ठेवून पट्टीने किंवा निव्वळ नजरेने सांगतो. त्याने सांगितलेला आकडा सरासरी लांबीचा नसतो. तो लांब तंतूंच्या गटाचा असतो. आजची जलद चाचणी यंत्रे तंतूंची झालर प्रकाशासमोरून सरकवून त्याच आकड्याला पक्के रूप देतात: लांबीच्या क्रमाने मांडलेल्या तंतूंपैकी वरच्या अर्ध्यांची सरासरी लांबी, आणि तिच्याशी सगळ्या तंतूंच्या सरासरीचे असलेले प्रमाण, ज्याला एकसारखेपणाचा निर्देशांक म्हणतात. हा दुसरा आकडा अधिक बोलका आहे. दोन गाठींची लांबी ३० मिलिमीटर दाखवली असून एकीचा निर्देशांक ८४ आणि दुसरीचा ७८ असेल, तर दुसरीत आखूड माल मिसळला गेला असण्याची किंवा जिनिंगमध्ये तंतू तुटले असण्याची शक्यता मोठी, आणि अनुभवी गिरणी ती गाठ त्याच भावाने उचलत नाही. कापसाच्या अशा चाचण्या आणि कताईचे प्रयोग करण्यासाठी मुंबईत माटुंग्याला १९२४ मध्ये प्रयोगशाळा सुरू झाली. आज ती केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था म्हणून काम करते.

मऊपणाच्या बाबतीत लांबीला सगळे श्रेय देण्याची सवय जाहिरातींनी लावली आहे. वस्तुतः ते श्रेय वाटून द्यावे लागते. लांबीचा वाटा दोन प्रकारचा आहे: पीळ कमी लागतो, आणि सुताच्या अंगावर उभी राहणारी टोके कमी होतात. सुतावरची ही लव स्पर्शाला प्रारंभी मऊ वाटते खरी, पण धुण्या-घासण्यात तीच टोके एकमेकांत गुंतून कापडावर बारीक गोळे येतात, आणि म्हणूनच आखूड तंतूंची चादर नवीन असताना मऊ आणि दहा धुण्यांनंतर खरखरीत लागते. याखेरीज मऊपणाचा मोठा भाग तंतूच्या बारीकपणातून येतो. तंतू वाकवायला लागणारा जोर त्याच्या लांबीच्या एककाला असलेल्या वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. वजन निम्मे झाले तर तंतू चौपट सहज वाकतो, आणि तेवढ्याच जाडीच्या सुतात तंतूंची संख्या दुप्पट झाली तरी एकूण सूत दुप्पट लवचीक राहते. लांब तंतू देणाऱ्या जाती बहुधा बारीक तंतूही देतात, त्यामुळे दोन्ही गुण बाजारात एकाच नावाखाली विकले जातात आणि ग्राहकाला लांबीमुळेच मऊपणा आला असे वाटते.

बारीकपणाचा संबंध सूत किती बारीक काढता येईल याच्याशीही आहे. रिंग फ्रेमवर टिकाऊ सूत निघण्यासाठी छेदात निदान पन्नास-साठ तंतू लागतात. १०० नंबरच्या सुताला मघाचे ४ मायक्रोग्रॅमचे तंतू घेतले तर छेदात केवळ ३७ बसतात, म्हणजे कितीही पीळ दिला तरी ते सूत धड निघणार नाही. तंतूचे वजन इंचाला ३ मायक्रोग्रॅमवर आले तर हीच संख्या ५० होते आणि काम शक्यतेच्या काठावर येते. मात्र या मोजमापात एक फसगत दडलेली आहे. मायक्रोनेअर या नावाने ओळखले जाणारे हे माप रुईतून हवा सोडून, तिला किती अडथळा होतो त्यावरून काढतात, आणि तंतू मुळात बारीक असला काय किंवा पोसला न गेल्यामुळे पातळ भिंतीचा राहिला काय, यंत्राला आकडा सारखाच कमी दिसतो. न पोसलेले तंतू पिंजताना गुंतून बारीक गाठी होतात, रंग नीट घेत नाहीत, आणि गडद निळ्या किंवा काळ्या कापडावर पांढरट ठिपके उमटतात. लांब कापसाचा मायक्रोनेअर कमी दिसला म्हणून तो चांगलाच असेल असे नाही. तंतू पक्व आहे की नाही, ही चाचणी वेगळी करावी लागते.

लांबीचे महत्त्व निसर्गसिद्ध नसून यंत्राने वाढवलेले आहे, हे ढाक्याच्या मलमलीच्या इतिहासावरून दिसते. ती मलमल ज्या फुटी कार्पास नावाच्या देशी कापसापासून होत असे, त्याचा तंतू आखूड होता. तरीही त्यापासून निघालेल्या सुताच्या बारीकपणाशी गिरण्यांना दीर्घकाळ बरोबरी करता आली नाही. कातणाऱ्या स्त्रियांच्या बोटांना प्रत्येक ठिकाणी किती तंतू सुटत आहेत ते जाणवत असे, आणि हवेतला दमटपणा तंतूला लवचीक ठेवत असल्यामुळे त्या सकाळी, पाण्याजवळ कातत. फिरत्या रुळांना ही जाण नसते. रुळांमधले अंतर एकदा ठरले की आखूड तंतू अधांतरीच राहणार. गिरण्यांचे युग सुरू झाले आणि भारतातले देशी कापूस एकदम ‘हलके’ ठरले, ते त्यांच्यात काही बिघाड झाला म्हणून नव्हे, कताईची रीत बदलली म्हणून.

आता किमतीकडे वळता येईल. तंतूची लांबी ठरते ती फूल उमलल्यापासूनच्या पहिल्या सुमारे तीन आठवड्यांत. या काळात पेशी आतल्या पाण्याच्या दाबाने फुगत नाही, तर लांबत जाते आणि रुंदीच्या हजारो पटींनी लांब होते. त्यानंतरच्या तीन-चार आठवड्यांत तिच्या भिंतीवर आतून सेल्युलोजचे थर बसून ती पोसली जाते. लांबण्याच्या दिवसांत झाडाला पाण्याचा ताण पडला तर तंतू कायमचा आखूड राहतो, मग पुढे कितीही पाऊस पडो. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरडवाहू पऱ्हाटीवर सप्टेंबर-ऑक्टोबरातली उघडीप नेमकी याच वेळी येते. उशिरा लागलेल्या बोंडांना तर पाणी, अन्न आणि ऊब तिन्ही कमी पडतात. म्हणून एकाच झाडाच्या पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा कापूस चांगला असतो, शेवटच्या वेचणीचा आखूड आणि कच्चा होतो, आणि फरदडीचा त्याहूनही हलका. या सगळ्या वेचण्या एकाच ढिगात टाकल्या की वर सांगितलेल्या आखूड तंतूंची भेसळ घरातच होऊन जाते.

अतिलांब तंतू मुख्यतः बार्बाडेन्स या कुळाचा गुण आहे. इजिप्तच्या नाईल खोऱ्यातला कापूस, अमेरिकेतला पिमा आणि वेस्ट इंडीजचा सी आयलंड ही सगळी त्याचीच रूपे. भारतात त्याची ओळख सुविन या वाणाने आहे. इजिप्शियन वंशाचा सुजाता आणि सी आयलंड जातीचा सेंट व्हिन्सेंट यांच्या संकरातून कोइम्बतूर येथे तो तयार झाला आणि १९७४ मध्ये प्रसारित झाला. दोन्ही नावांचे तुकडे जोडून त्याचे नाव पडले. त्याचा तंतू ३८ मिलिमीटरच्या आसपास, अत्यंत बारीक आणि मजबूत असतो, आणि १०० नंबरच्या पुढचे सूत त्यातून निघते. तंतूची स्वतःची ताकदही साध्या कापसाहून अधिक असल्यामुळे, त्याच्या सुताच्या मजबुतीचे सारे श्रेय लांबीला देणे योग्य होणार नाही.

त्याची महागाई बोंडापासून मोजता येते. साध्या अमेरिकन कुळाच्या संकरित वाणाच्या बोंडात चार-पाच कप्पे असतात आणि त्यातून साडेचार ग्रॅम कापूस निघतो असे धरले, तर रुईचा उतारा ३४ टक्के असताना एका बोंडामागे दीड ग्रॅम रुई मिळते. बार्बाडेन्सच्या बोंडात बहुधा तीनच कप्पे, कापूस सुमारे तीन ग्रॅम आणि उतारा तिसाहून कमी, म्हणजे रुई एका ग्रॅमलाही पोचत नाही. एक किलो रुईसाठी पहिल्या प्रकारात साडेसहाशेच्या आसपास बोंडे वेचावी लागतात, दुसऱ्यात अकराशेहून अधिक, आणि भारतात ही सारी वेचणी हाताने होते. त्यात पीक शेतात सहा महिन्यांच्या आसपास उभे राहते, पाण्याची हमी लागते, तुडतुड्यांना ते लवकर बळी पडते, आणि शेजारी दुसरा कापूस असल्यास परागसंकराने बियाण्याची शुद्धता बिघडते. एकरी उत्पन्न कमी आणि जोखीम अधिक असे गणित असल्यामुळे तामिळनाडूतले त्याचे क्षेत्र आक्रसत गेले, आणि उत्पादन घटल्यामुळे भाव आणखी चढला. धारवाडला निघालेले डीसीएच-३२ सारखे संकर, ज्यांत अमेरिकन कुळाचे उत्पन्न आणि बार्बाडेन्सची लांबी यांची सांगड घातली आहे, ही पोकळी काही अंशी भरून काढतात.

जिनिंगमध्येही लांब तंतूला सावकाश वागवावे लागते. करवती जिन सरकीपासून तंतू ओरबाडून वेगाने काढते आणि लांब तंतू तोडते. म्हणून असा कापूस रुळाच्या जिनवर काढतात, जिच्यात चामड्याच्या रुळाला चिकटून तंतू ओढला जातो आणि पात्याशी सरकी अडून सुटते. काम सौम्य, पण दर यंत्रामागे उत्पादन थोडे. महाराष्ट्रातली बहुतेक जिनिंगे दोन रुळांचीच असल्यामुळे येथे हा प्रश्न करवतीचा नसून ओलाव्याचा असतो: कापूस फार कोरडा झाला की तंतू ठिसूळ होऊन तुटतात, फार ओला असला तर गुंततात, आणि वजन वाढवण्यासाठी मारलेले पाणी गाठीत तंतूचा रंग व ताकद दोन्ही बिघडवते.

लांबीला शेतकऱ्याच्या पातळीवर किती मोल मिळते हे हमीभावावरून पाहता येते. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ७,७१० रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये असा भाव जाहीर झाला. पहिल्या वर्गाची लांबी २४.५ ते २५.५ मिलिमीटर आणि दुसऱ्याची २९.५ ते ३०.५ मिलिमीटर धरलेली आहे. म्हणजे पाच मिलिमीटरचा फरक चारशे रुपयांचा, आणि क्विंटलभर कापसातून ३४ किलो रुई निघते असे मानले तर रुईच्या किलोमागे जेमतेम बारा रुपयांचा. त्यापुढच्या सात-आठ मिलिमीटरला मात्र जागतिक बाजारात कित्येकदा दुप्पट भाव मिळतो, कारण तेथे पुरवठा जगाच्या एकूण कापसाच्या काही टक्केच आहे आणि १०० नंबरचे सूत काढणाऱ्या गिरणीला दुसरा पर्याय नसतो. भारतीय गिरण्या हा कापूस इजिप्त व अमेरिकेतून आणतात, आणि २०२१ मध्ये कापसावर लावलेले आयातशुल्क फेब्रुवारी २०२४ मध्ये ३२ मिलिमीटरहून लांब तंतूपुरते काढून टाकण्यात आले, ते या गरजेपोटीच.

प्रत्येक कापडाला हा खर्च परवडतो किंवा हवा असतो असे नाही. ७ नंबरच्या डेनिमच्या सुतात छेदाला चारशे-पाचशे तंतू असतात. एवढ्या गर्दीत एखाद्या जागी दहा-वीस तंतू कमी पडले तरी सुताला जाणवत नाही आणि टोकांची संख्या वाढली तरी धरणारे शेजारी पुष्कळ असतात. जाड चादर, टॉवेल, सतरंजी यांना मध्यम धाग्याचा कापूस पुरतो, आणि टॉवेलला तर सैल, आखूड तंतूंची लव पाणी शोषायला उपयोगीच पडते. म्हणून गिरणीतला मिश्रण ठरवणारा अधिकारी मागणी असलेल्या सुताला चालेल असा सर्वांत स्वस्त कापूस शोधतो, सर्वांत लांब नव्हे. लांब गाठी आखूड गाठींत मिसळून सरासरी सुधारण्याचा मोह त्याला होतो खरा, पण रुळांमधले अंतर लांब तंतूंच्या मापाने वाढवले की आखूड तंतू मोकाट सुटतात, आणि आखूड तंतूंच्या मापाने कमी केले की महागाचे लांब तंतू तुटतात; दोन गाठींच्या लांबीत तीन-चार मिलिमीटरहून अधिक फरक असला तर त्या वेगवेगळ्या कातणेच स्वस्त पडते.